आमचे 26,840 रुपये सध्या नेमके कुठे आहेत? एका विमान कंपनीला उघडं पत्र

(पोस्ट लांब आहे. ज्यांचा रिफंड अडकलाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी सेव्ह करून ठेवा. वेळ प्रत्येकावर येते.)

प्रति,
प्रवासी सेवा विभाग,
एक विमान कंपनी.

स.न.वि.वि.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं, कंपनीला टॅग केलं, की काय होतं हे पत्रकारितेतल्या वीस वर्षांत बघितलंय. अर्ध्या तासात तुमच्या सोशल मीडिया टीमचा मेसेज येतो, ‘तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, पीएनआर पाठवा.’ दोन दिवसांत त्या एका माणसाचे पैसे येतात. तो ‘थँक्यू’ लिहितो आणि विषय संपतो. ज्याला पोस्ट लिहिता येत नाही त्याचे पैसे आहेत तिथेच राहतात. मला तसं मिटवायचं नाहीये. मला उत्तर हवंय, आणि ते चारचौघांत हवंय.

प्रकरण साधं आहे. मुंबई ते नागपूर, सकाळचं विमान, चार तिकिटं. प्रत्येकी 6,710 प्रमाणे 26,840 रुपये. तुमच्याच वेबसाइटवरून, क्रेडिट कार्डाने, मधे एजंट नाही, पोर्टल नाही. आदल्या रात्री पावणेदहाला एसएमएस आला की ऑपरेशनल कारणाने उड्डाण रद्द. आम्ही फुलपाड्याची माणसं. सकाळी सव्वासहाचं विमान पकडायचं तर विरारहून पहाटेच्या पहिल्या लोकलवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून रात्रीच गाडी सांगून ठेवलेली. ती रद्द केली, खासगी बसची मिळेल ती सीट घेतली आणि लग्नाला हळद उरकल्यावर पोचलो. त्याची तक्रार इथे करत नाही. इतक्या उशिरा कळवल्याबद्दल नुकसानभरपाईचा नियम आहे, त्याचा अर्ज वेगळा केलाय. हे पत्र फक्त परत यायच्या पैशांबद्दल आहे.

एसएमएसमधल्या लिंकवर गेलो. दोन बटणं होती. एक मोठं हिरवं, ‘तुमच्या खात्यात क्रेडिट घ्या, लगेच मिळेल’. दुसरं खाली, राखाडी अक्षरांत, ‘मूळ पेमेंट पद्धतीवर परतावा’. मी राखाडी दाबलं. पडदा बदलला. Refund Status: Processing.

आज 47वा दिवस.

माझ्या फोनमध्ये या पडद्याचे चार स्क्रीनशॉट आहेत. तिसऱ्या दिवसाचा, बाराव्याचा, एकोणतिसाव्याचा आणि आजचा. चारही सारखे आहेत. वरच्या पट्टीतली वेळ आणि बॅटरीचे टक्के तेवढे वेगळे. खाली ओळ आहे की रक्कम पाच ते सात कामाच्या दिवसांत जमा होईल. कुठल्या तारखेपासूनचे पाच ते सात, ते लिहिलेलं नाही. त्यामुळे ती ओळ तिसऱ्या दिवशीही खरी होती आणि आजही खोटी म्हणता येत नाही. कोणी बनवली ही ओळ, त्याला मानलं बुवा.

आता तुमच्या कॉल सेंटरबद्दल. तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा बोलणाऱ्या ताई सभ्य होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना समोर जे दिसतं ते त्या वाचतात. तिन्ही वेळा एकच वाक्य आलं, ‘सर, आमच्याकडून रिफंड इनिशिएट झालाय, तुमच्या बँकेकडून उशीर होतोय.’

मी बँकेत गेलो. विरार पूर्वेच्या शाखेतल्या साहेबांनी कार्ड विभागाला फोन लावला आणि दोन मिनिटांत सांगितलं, ‘आमच्याकडे क्रेडिटची कुठलीच नोंद आलेली नाही. त्यांच्याकडून एआरएन आणा, मग शोधून देतो.’

हा एआरएन काय ते वाचकांनी नीट समजून घ्यावं, कारण सगळं पत्र त्यावर उभं आहे.

कार्डाने पैसे भरले की ते थेट कंपनीच्या तिजोरीत पडत नाहीत. मधे कंपनीचा पेमेंट गेटवे असतो, त्याच्यामागे कंपनीची बँक, मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचं जाळं, आणि शेवटी आपली कार्ड देणारी बँक. परतावा याच रस्त्याने उलटा येतो. कंपनी गेटवेला आदेश देते, गेटवे कंपनीच्या बँकेमार्फत तो जाळ्यात टाकतो, आणि त्या टप्प्यावर व्यवहाराला 23 आकडी एक नंबर पडतो. तो एआरएन. मनीऑर्डरची पावती असायची ना, तसंच समजा. पावती असेल तर पैसे वाटेत आहेत आणि कुठे अडलेत ते आपल्या बँकेला शोधता येतं. पावतीच नसेल तर मनीऑर्डर अजून पोस्टात दिलेलीच नाही. यूपीआयने पैसे भरले असतील तर हाच प्रकार 12 आकडी संदर्भ क्रमांकाने कळतो.

तिसऱ्या फोनवर मी एआरएन मागितला. ताईंनी मला होल्डवर ठेवलं. सहा मिनिटं तुमची जाहिरात ऐकली, वेळेवर पोचण्याची. मग उत्तर आलं, ‘सर, तो सिस्टीममध्ये दिसत नाहीये.’

दिसत नाहीये, कारण नाहीये. रिफंड इनिशिएट झाला आणि सहा आठवड्यांनंतरही नंबर नाही, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. आदेश गेल्यावर नंबर पडायला एखाद-दुसरा दिवस, फार तर चार-पाच दिवस लागतात. 47 दिवस लागत नाहीत. म्हणजे ‘इनिशिएट’ हा शब्द तुमच्या पडद्यावर आहे, बँकिंगच्या रस्त्यावर नाही. तुमच्याच इमारतीत कुठल्याशा यादीत माझी ओळ पडून आहे, आणि बाहेर बँकेच्या नावाने पावती फाडली जातेय.

ती यादी पुढे का सरकत नाही, याचंही एक साधं कारण आहे, जे कॉल सेंटरच्या ताई सांगणार नाहीत. गेटवे रोजच्या विक्रीचे पैसे कंपनीला देतो तेव्हा त्यातूनच त्या दिवसाचे परतावे वजा करून देतो. म्हणजे आज दहा कोटींची तिकिटं विकली आणि तीन कोटींचे परतावे सोडले, तर हातात सात येतात (आकडे समजण्यापुरते घेतलेत). परतावे उद्यावर ढकलले तर आज दहा हातात. विमान कंपनीचा धंदाच आगाऊ पैशांवर चालतो. प्रवासी महिना-दोन महिने आधी पैसे भरतो, इंधनाचं बिल त्या पैशातून जातं. अशा धंद्यात परताव्याची यादी चार आठवडे लांबवणं म्हणजे बिनव्याजी कर्ज आहे. कर्ज देणाऱ्याला विचारलेलं नाही, एवढाच फरक. तुमच्या बाबतीत हेच घडतंय असं मी छातीठोक म्हणत नाही, तुमच्या वह्या मी बघितलेल्या नाहीत. पण दुसरं काही कारण असेल तर ते सांगा. ‘तांत्रिक अडचण’ हे कारण चालणार नाही, कारण तुमच्या हिरव्या बटणाने तेच पैसे क्रेडिट म्हणून ‘लगेच’ मिळत होते. तोच पीएनआर, तीच रक्कम, तोच संगणक. पैसे तुमच्याकडेच राहणार असतील तर एक सेकंद, बाहेर जाणार असतील तर 47 दिवस.

नियमाचं बोलू. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांची परताव्यासाठी स्वतंत्र नियमावली आहे. सेक्शन 3, सीरिज एम, भाग 2. त्यात क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशांसाठी मुदत दिलीय, सात दिवस. तिकीट एजंटाकडून काढलं असलं तरी पैसे परत करायची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिने नेमलेला माणूस, हेही तिथेच लिहिलंय. त्या तिकिटाला मुदत जास्त आहे, पण जबाबदारी बदलत नाही. आणि पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही हा प्रवाशाचा अधिकार आहे, कंपनीने तसं परस्पर करायचं नाही. हिरवं बटण मोठं आणि राखाडी बारीक ठेवायला मात्र या नियमावलीत कुठे बंदी नाही, तेवढी वाट तुम्ही बरोबर शोधलीत.

एजंटाचा मुद्दा यासाठी घेतला की आमच्याकडे अर्धी जनता अजून स्टेशनबाहेरच्या दुकानातूनच तिकीट काढते. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळूरचं तिकीट असंच काढलेलं. विमान रद्द झालं. एजंट म्हणे कंपनीने पैसे सोडले नाहीत, कंपनी म्हणे एजंटाच्या खात्यात कधीच दिले. काकू दोघांच्या मधे. अशा वेळी भांडण न करता कंपनीकडे एकच गोष्ट लेखी मागायची, एजंटाच्या खात्यात कोणत्या तारखेला, किती रक्कम, कुठल्या संदर्भाने टाकली. तो कागद आला की दोघांतला एक गप्प होतो. काकूंच्या बाबतीत दुकानदार गप्प झाला आणि आठवड्यात पैसे देऊन गेला.

मोठ्या पोर्टलांचंही वेगळं नाही. कोविडच्या टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे ‘यात्रा’ या पोर्टलकडे 2021 साली 36,276 बुकिंगचे, सव्वीस कोटींहून जास्त, अडकलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण मागे लागलं. तरी जून 2024 मध्ये, टाळेबंदीनंतर चार वर्षांनी, 4,837 बुकिंगचे अडीच कोटी बाकीच होते, आणि प्राधिकरणाला सांगावं लागलं की माणसं बसवा, एकेकाला फोन करा आणि पैसे द्या. चार वर्षं! आणि दरम्यान त्या प्रवाशांच्या पडद्यावर काय दिसत असेल, ते मी वेगळं सांगत नाही.

आता मला सांगा, सात दिवसांचा नियम असताना 47 दिवस का लागतात? कारण सात दिवसांनंतर काय, हे नियमात नाही. आठव्या दिवसापासून अमुक टक्के व्याज प्रवाशाच्या खात्यात आपोआप जमा होईल, असं वाक्यच नाही. मुदत आहे, मोडल्याची किंमत नाही. डीजीसीए दंड करू शकते, पण तो दंड सरकारजमा होतो आणि तोही प्रकरण गाजलं तर. मला, फुलपाड्यातल्या एका माणसाला, उशिरापोटी तुमच्याकडून आपोआप शून्य रुपये मिळतात. ज्या उशिराला शून्य खर्च येतो तो उशीर कुठला धंदेवाला टाळेल?

व्याजाची एकदाच ठोस सोय झाली ती कोविडात, आणि तीही सुप्रीम कोर्टात. प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या याचिकेवर 1 ऑक्टोबर 2020 ला निकाल आला. टाळेबंदीत काढलेल्या आणि टाळेबंदीतल्याच प्रवासाच्या तिकिटांचे पूर्ण पैसे तीन आठवड्यांत द्या, असं कोर्टाने सांगितलं. इतर काही तिकिटांबाबत, कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर 31 मार्च 2021 पर्यंत क्रेडिट शेल चालेल, पण त्याची किंमत जून 2020 पर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढवावी लागेल. दर फार नव्हता. पण अडकलेल्या पैशाला भाडं लागतं हे तत्त्व मान्य झालं होतं. ती सोय त्या काळापुरतीच होती, पुढे नियमावलीत आली नाही.

माझ्याच रकमेचा हिशेब करतो. 26,840 रुपये, 47 दिवस. कोर्टाच्या पाऊण टक्क्याने साधारण 315 रुपये होतात. आमची वसई-विरार महापालिका घरपट्टी थकली तर महिन्याला दोन टक्के शास्ती लावते, त्या दराने दिवसांच्या हिशेबात साधारण 840 रुपये. आणि माझ्या क्रेडिट कार्डाच्या माहितीपत्रकावर महिन्याला साडेतीन टक्के छापलंय, वर्षाचे 42. हे बिल मी थकवलं असतं तर त्याच दिवसांचे साधारण 1,450 रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 1,700 च्या आसपास. मी थकवलं नाही. बायकोच्या भिशीचे पैसे घालून बिल वेळेवर भरलं, कारण बँकेला मी ‘प्रोसेसिंग’ असं उत्तर देऊ शकत नाही. पालिकेलाही नाही. महावितरणला तर नाहीच. हा शब्द वापरायची मुभा फक्त वरच्या बाजूला आहे.

तुम्ही म्हणाल, प्रवासी खूप, यंत्रणा अपुरी, वेळ लागतोच. मग 2025 च्या डिसेंबरची गोष्ट ऐका. ती सगळ्या देशाने पाहिली. 1 नोव्हेंबर 2025 पासून वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला. इंडिगोची तयारी कमी पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विमानं पत्त्यांसारखी कोसळली, म्हणजे वेळापत्रकं हो. 5 डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द. मुंबईच्या टर्मिनलवर बॅगांचे ढीग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. 6 तारखेला केंद्र सरकारने आदेश काढला की अडकलेले सगळे परतावे रविवारी, 7 डिसेंबरला, रात्री आठच्या आत द्या, नाहीतर कारवाई. आणि त्या रविवारी सरकारनेच सांगितलं की 610 कोटी रुपये परत गेलेत.

610 कोटी. त्या रविवारपर्यंत.

त्याच गेटवेने, त्याच कार्डांच्या जाळ्यातून. मग यंत्रणा अपुरी कुठे आहे? कोणीतरी वरून घड्याळ लावलं आणि कारवाई म्हणाला, की यादी सरकते. माझी ओळ सरकत नाही कारण माझ्यासाठी कोणी मंत्री टीव्हीवर आलेला नाही. त्या दिवशी हजारो लोक एकत्र अडकले होते म्हणून बातमी झाली. एरवी रोज काही उड्डाणं रद्द होतात, ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी आपापला स्क्रीनशॉट बघत बसतात, ती बातमी होत नाही. बातमी कशी होते आणि कशी होत नाही, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण देतो, आपल्याच कंपनीचं आहे म्हणून. 14 नोव्हेंबर 2022 ला अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सहा विमान कंपन्यांवर परताव्यातल्या दिरंगाईसाठी कारवाई जाहीर केली. त्यात एअर इंडिया होती. 12 कोटी 15 लाख डॉलरचे परतावे द्यायला लावले आणि वर 14 लाख डॉलर दंड. तक्रारी टाटांकडे कंपनी जाण्याआधीच्या काळातल्या. पण खात्याने काय मोजलं ते बघा. स्वतःकडे आलेल्या 1,900 तक्रारी घेतल्या आणि निम्म्याहून जास्त प्रकरणांत 100 दिवसांपेक्षा जास्त लागले हे मांडलं. शिवाय ज्यांनी थेट कंपनीकडे पैसे मागितले त्यांना किती दिवस लागले, हे कंपनीला सांगताच आलं नाही, हेही नोंदवलं. म्हणजे तिथे प्रश्न विचारला गेला, ‘किती दिवस लागले?’ आपल्याकडे दर महिन्याला डीजीसीए आकडे छापते, किती उड्डाणं रद्द, किती तक्रारी, कुठली कंपनी किती वेळेवर. परतावा सरासरी किती दिवसांत पोचला, कंपनीनिहाय, असा एक रकाना त्यात घाला, अशी मागणी मी त्यांनाही वेगळ्या पत्राने करतोय. एका रकान्याचं काम आहे.

कोणी म्हणेल, एवढं काय, आज ना उद्या येतील पैसे. हे वाक्य 2023 च्या एप्रिलमध्ये गो फर्स्टच्या प्रवाशांनीही म्हटलं असेल. मुंबईचीच कंपनी, वाडियांची. 2 मे 2023 ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, दुसऱ्या दिवसापासून विमानं बंद. 10 मे ला अर्ज दाखल झाला आणि कायद्याने स्थगिती लागली. त्या क्षणापासून ज्यांचा परतावा यायचा होता ते ग्राहक राहिले नाहीत, घेणेकरी झाले. बँका पुढे, विनातारण घेणेकरी मागे, आणि त्या रांगेत पाच-सहा हजारांच्या तिकिटाचा दावा फॉर्म भरून लावायचा. ग्राहक आयोगात वसुलीसाठी जायचा रस्ताही स्थगितीने बंद. जानेवारी 2025 मध्ये कंपनी अवसायनात काढायचा आदेश झाला. जेट एअरवेजचंही तेच. शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 ला उडालं आणि अवसायनाचा अंतिम आदेश सुप्रीम कोर्टातून 7 नोव्हेंबर 2024 ला आला. तुमची कंपनी बुडतेय असं मी म्हणत नाही, कृपा करून तशी नोटीस पाठवू नका. एवढंच म्हणतो की ‘प्रोसेसिंग’मध्ये पडलेला प्रत्येक रुपया हा तुमच्या तब्येतीवर लावलेली पैज आहे, आणि ती पैज आम्ही लावलेली नाही.

आता वाचकांसाठी, मी स्वतः काय केलं ते, कारण इनबॉक्समध्ये हेच विचारलं जाणार. कंपनीला ईमेल करून एआरएन आणि परतावा आदेशाची तारीख लेखी मागितली, सात दिवसांची मुदत देऊन. फोनवरचं बोलणं हवेत जातं, ईमेल राहतो. उत्तर आलं नाही, तेव्हा कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅकचा अर्ज दिला, कारण ‘सेवा मिळाली नाही, व्यापाऱ्याने पैसे परत केले नाहीत’. सोबत रद्द झाल्याचा एसएमएस, तिकीट आणि चारही स्क्रीनशॉट जोडले. स्क्रीनशॉट घेताना तारीख दिसेल असे घ्या, माझ्या पहिल्या दोघांत फक्त वेळ आहे, म्हणून फोनमधल्या फाइलची माहितीही जोडावी लागली. चार्जबॅकला मुदत असते, साधारण 120 दिवसांची. कंपनी ‘अजून थोडं थांबा’ म्हणते तेव्हा ती मुदत सरत असते, हे ध्यानात ठेवा. त्याच दिवशी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करून नोंद घेतली.

एक गैरसमज मात्र काढून टाका. व्हॉट्सॲपवर फिरतंय की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. ते सप्टेंबर 2019 चं परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तसं काही. दुकानदाराने किंवा विमान कंपनीने परतावा रोखला तर ते लागू होत नाही. बँकेत जाऊन त्यावर हुज्जत घालू नका, बँकेचा इथे दोष नसतो.

हे सगळं करून नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथे दावा लावता येतो, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, अर्ज ई-जागृतीवर ऑनलाइन करता येतो, आणि मुदत दोन वर्षांची. आयोग व्याज देऊ शकतो, मनस्तापाचे पैसे देऊ शकतो. पण निकालाला किती तारखा पडतील हे कोणी सांगू नये. कंपन्यांना हेही ठाऊक आहे. सहा हजारांसाठी दिवसभराची रोजी बुडवून कोण तारखेला जाणार, याच हिशेबावर ती राखाडी यादी उभी आहे.

तर कंपनीसाहेब, माझ्या मागण्या.

पडद्यावरचा ‘Processing’ काढा. त्या जागी परतावा आदेश कोणत्या तारखेला दिला ती तारीख आणि एआरएन टाका. आदेश दिला नसेल तर ‘आदेश अजून दिलेला नाही’ असं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जमेल तसं लिहा. बँकेच्या नावाने सांगायचं कॉल सेंटरच्या मुलींना थांबवा, त्यांना रोज खोटं बोलायला लावता त्याचं पाप वेगळंच आहे.

हिरवं आणि राखाडी बटण एकाच मापाचं, एकाच रंगाचं करा.

आणि माझे 26,840 रुपये आठव्या दिवसापासून आजपर्यंतच्या व्याजासह द्या. दर मी ठरवत नाही, आमच्या महापालिकेचा घ्या. महिन्याला दोन टक्के. आम्हाला तो परवडतो असं शासनाचं म्हणणं आहे, तुम्हालाही परवडावा. सात दिवस वजा करून चाळीस दिवसांचे 716 रुपये होतात. एवढे द्याल तर पावती या भिंतीवर टाकेन, एआरएनसकट.

पीएनआर तुमच्याकडे आहे. ईमेलही आहे, तीन आहेत. वेगळ्या मेसेजमध्ये पाठवणार नाही.

कळावे,
आपल्या यादीतला एक,
फुलपाडा, विरार पूर्व

(ज्यांचा रिफंड अडकलाय त्यांनी खाली कंपनीचं नाव न लिहिता फक्त तीन गोष्टी लिहा, रक्कम, दिवस, आणि एआरएन मिळाला का. पीएनआर आणि फोन नंबर टाकू नका, कमेंटमध्ये खोटे ‘कस्टमर केअर’वाले टपून बसलेले असतात. महिनाभर जमवून एकत्र डीजीसीएला पाठवतो.)